धागा: अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक – फरक उदाहरणाने कसा दाखवायचा? (बी.एड. पहिलं वर्ष, नागपूर)

श्वेता_मानेवाडा

नमस्कार. बी.एड. पहिल्या वर्षाला आहे, शिक्षणाच्या पायाभूत पेपरची तयारी सुरू आहे. 'अभ्यासक्रम, पाठ्यक्रम व पाठ्यपुस्तक यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात येतोच, असं सिनियर सांगतात. माझ्याकडे तीन जणांच्या नोट्स आहेत आणि तिन्हींत तोच तक्ता: अभ्यासक्रम व्यापक, पाठ्यक्रम मर्यादित, पाठ्यपुस्तक त्याहून मर्यादित. अभ्यासक्रम लवचीक, पाठ्यक्रम ताठर. असे दहा मुद्दे.

पाठ होतं, पण 'सोदाहरण'पाशी येऊन गाडी थांबते. 'व्यापक' म्हणजे नेमकं काय जास्त आहे त्यात? वर्गात उभं राहिल्यावर मला या तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात, तशा त्या दिसत नाहीत. शिवाय सीताबर्डीहून एक हिंदी गाइड आणलं, त्यात 'पाठ्यचर्या' असा चौथाच शब्द निघाला. कोणी नीट समजावेल का?

प्रशांत_टीईटी

सोपं आहे. डब्यात डबा. सगळ्यात मोठा डबा अभ्यासक्रम, त्याच्या आत पाठ्यक्रम, त्याच्या आत पाठ्यपुस्तक. अभ्यासक्रमात शाळेत होणारं सगळंच येतं: परिपाठ, खेळ, सहल, स्नेहसंमेलन, परीक्षा. पाठ्यक्रमात फक्त विषयांचे घटक. पाठ्यपुस्तकात त्या घटकांचे धडे. तीन वर्तुळं एकात एक काढ, नावं दे, खाली चार-चार ओळी लिही. आकृतीचे मार्क वेगळे मिळतात. मी तीनदा टीईटीला बसलोय, हा प्रश्न एका मार्काचा का असेना, पण असतोच.

हिंदीतलं 'पाठ्यचर्या' म्हणजे आपला अभ्यासक्रम. तिकडे 'पाठ्यक्रम' बहुतेक वेळा सिलॅबसला म्हणतात, पण काही हिंदी पुस्तकांत तो शब्द करिक्युलमलाही वापरतात, तेवढं बघून घे.

आई_त्रिमूर्तीनगर

विषय निघालाच आहे तर विचारते. माझा मुलगा सीबीएसई शाळेत तिसरीला आहे. शाळेने खासगी प्रकाशनाची पुस्तकं लावली आहेत, ती एकाच दुकानात मिळतात आणि सेट बराच महाग आहे. विचारलं तर म्हणतात, 'आमचा करिक्युलमच हा आहे.' हे बरोबर आहे का? पुस्तक बदललं की करिक्युलम बदलतो का?

सुनंदाताई_धरमपेठ

श्वेता, मी अध्यापक महाविद्यालयात हा पेपर बरीच वर्षं शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तक्ता बाजूला ठेव. तीन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत का, हे तपासायचं तर एक बदलली तेव्हा बाकीच्या दोन तशाच राहिल्या का, ते बघायचं. आपल्या नशिबाने महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत हे तिन्ही बाबतींत होऊन गेलं आहे, आणि त्यातलं काही तर तुम्ही मुली शाळेत असतानाच.

आधी २०२० घे. कोविडमुळे शाळा उघडल्याच नाहीत. जुलैअखेरीस राज्याने पहिली ते बारावीसाठी पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. पुस्तकं तर आधीच छापून झाली होती. त्यांत सगळे धडे तसेच होते, एक पानही फाडलं गेलं नाही. बाहेर आली ती वगळलेल्या घटकांची यादी, विषयवार आणि इयत्तावार. म्हणजे पुस्तक तेच, पाठ्यक्रम मात्र वेगळा. त्या वर्षी कोणाच्या हातात पुस्तक होतं पण ती यादी नव्हती, तर काय शिकायचं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. पाठ्यक्रम ही पुस्तकाची अनुक्रमणिका नसते, हे त्या यादीने दाखवलं. कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयात, कोणता घटक, कोणत्या क्रमाने आणि किती वजनाने घ्यायचा, हे ठरवणारा तो वेगळा कागद आहे.

आता २०२३. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून बालभारतीने प्राथमिकची पुस्तकं चार भागांत विभागली. एका भागात सगळे विषय, आणि मध्ये नोंदी करायला कोरी पानं. पुस्तकाचा आकार बदलला, बांधणी बदलली, मूल रोज शाळेत काय घेऊन जातं तेही बदललं. पाठ्यक्रम? एक ओळही नाही. तिसरीच्या गणितात जे शिकवायचं होतं तेच राहिलं. नंतर २०२५ मध्ये ती कोरी पानं बंद झाली, तेव्हाही पाठ्यक्रमाला धक्का लागला नाही.

आणि २०१०. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिलपासून लागू झाला आणि ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. घटक चाचणी आणि सहामाही-वार्षिक ही जुनी घडी मोडून शिकवता शिकवता करायचं आकारिक आणि सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन आलं. आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, असं ठरलं. त्या वर्षी मुलांच्या हातात पुस्तकं जुनीच होती आणि घटकांची यादीही जुनीच. तरी शाळेतलं शिक्षण हललं. मूल कसं शिकतं, त्याला कशासाठी तपासायचं, शाळेने त्याच्याशी कसं वागायचं, याचा विचारच बदलला. हा बदल अभ्यासक्रमाच्या पातळीवरचा.

'व्यापक' या शब्दात नेमकं काय जास्त आहे, असं तू विचारलंस ना? त्यात आधी 'कशासाठी' येतं. मग 'कोणत्या अनुभवांतून', 'ते अनुभव कसे लावायचे', 'जमलं की नाही हे कसं ओळखायचं'. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलरने १९४९ मध्ये हेच चार प्रश्न मांडले आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ते घेतले आहेत. पाठ्यक्रम यांतल्या मुख्यतः 'काय आणि कोणत्या क्रमाने' याचं उत्तर देतो. पुस्तक तर ते उत्तर मुलापर्यंत पोचवायचं एक साधन. एकमेव नव्हे, एक.

हिंदी गाइडबद्दल: एकाच उत्तरात दोन्ही भाषांतल्या संज्ञा मिसळू नकोस. पहिल्याच ओळीत तू कोणती संज्ञा कशासाठी वापरतेस ते सांगून टाक, तपासणाऱ्याला बरं पडतं.

प्रशांत_टीईटी

ताई, तीन सालं मस्त. पण यात माझी वर्तुळं चुकली कुठे? शेवटी पुस्तक पाठ्यक्रमाच्या आतच आहे ना?

सुनंदाताई_धरमपेठ

प्रशांत, बाहेरचं वर्तुळ ठीक आहे. पाठ्यक्रम अभ्यासक्रमातूनच निघतो. घोटाळा आतल्या वर्तुळात आहे. पुस्तक पाठ्यक्रमाच्या पोटात बसत नाही, दोन्ही बाजूंनी बसत नाही. पाठ्यक्रमातलं बरंच काही पुस्तकात असूच शकत नाही. भाषेत ऐकणं आणि बोलणं आहे, विज्ञानात हाताने करून बघणं आहे. छापील पानावर त्याची फक्त सूचना येते. उलट पुस्तकात पाठ्यक्रमाने न सांगितलेलं पुष्कळ असतं. कोणती गोष्ट घ्यायची, कोणती कविता, चित्रातलं घर कसं असेल, गणितातली मुलगी बाजारात काय घेते, हे लेखक, चित्रकार आणि विषय समिती ठरवतात. पाठ्यक्रम म्हणतो 'कविता समजून घेणे'. हीच कविता घ्या, असं तो म्हणत नाही.

आकृती काढायचीच असेल तर पाठ्यपुस्तकाचं वर्तुळ पाठ्यक्रमाच्या वर्तुळाला छेदून जाणारं काढा. आणि शेजारी शिक्षकाने जमवलेलं साहित्य, परिसर, ग्रंथालय अशी दुसरी वर्तुळं, तीही छेदणारी.

भिवापूर_झेडपी

ताई म्हणतात ते एकदम बरोबर. मी झेडपीच्या शाळेत आहो, तिसरी-चौथी एकत्र. माझ्याकडचं उदाहरण देतो, श्वेताताईंना कामी येईल.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघते, हे शहरातल्या लोकांना बहुतेक माहीत नसते. २०१२ चा प्राथमिक अभ्यासक्रम साऱ्या राज्याले एकच. तिसरीच्या पाठ्यक्रमात 'आपला जिल्हा' सगळ्यांनाच. पण आमच्या पोरांच्या हातात नागपूर जिल्ह्याचं पुस्तक, गडचिरोलीच्या पोरांच्या हातात गडचिरोलीचं. नकाशा वेगळा, नद्या वेगळ्या, पिकं वेगळी. पाठ्यक्रम एक अन् पुस्तकं ढीगभर. याच्यापेक्षा सोपं उदाहरण कोणतं?

आता पुढचं. नागपूर जिल्ह्यात चौदा तालुके. काटोल-नरखेडले संत्रा, उमरेडले कोळसा, रामटेककडे पेंचचं पाणी अन् जंगल. पुस्तकात सगळ्यांचंच थोडंथोडं येते, येणारच. आमच्या गावच्या पोराले कन्हान नदी कुठून जाते हे नकाशात पाहा लागते, पण भिवापुरी मिरची त्याच्या घरातच असते. म्हणून मी पिकांचा भाग आला की पुस्तक बंदच ठेवतो. पोरांना घरी विचारून याले सांगतो: रोप कधी टाकलं, तोडा किती वेळा झाला, तोडायले कोण येते, मिरची कुठे विकली, भाव कोणी ठरवला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळी माहिती मांडतो. कोणाचा बाप विकत असतो, कोणाची माय तोडायले जाते. तेथूनच मजुरी, बाजार, पाणी, सगळं निघते. मग नकाशा उघडतो अन् विचारतो, आपली मिरची नागपूरले कोणत्या रस्त्यानं जाते? उमरेडवरून. तेव्हा कुठे पोराले नकाशाचा उपयोग कळते. जिल्हा समजला, माहिती गोळा करणं जमलं, विचारणं जमलं. पुस्तकातलं ते पान मात्र वाचलंच नाही.

अन् नेमकं तेव्हाच एक साहेब भेटीले आले. टाचणवही पाहिली, म्हणाले, 'धडा झाला नाही?' म्या सांगतलं, घटक झाला. ते म्हणाले, घटक-बिटक ठीक आहे, धडा कधी घेणार? शेवटी धडा वाचून घेतला अन् वहीत लिहिलं. हे होतेच. तपासणी पुस्तकाची होते, पाठ्यक्रमाची होत नाही.

श्वेता_मानेवाडा

सर, हे उदाहरण मी नक्की लिहिणार. एक विचारू? तुम्ही वार्षिक नियोजन करता तेव्हा समोर काय ठेवता? पुस्तक की पाठ्यक्रम? आमच्या सराव पाठाच्या शाळेत सगळे पुस्तकाची अनुक्रमणिका बघून महिन्यांत धडे वाटतात.

भिवापूर_झेडपी

खरं सांगू का, बहुतेक जण अनुक्रमणिकाच ठेवतात. जून-जुलैत पाच धडे, ऑगस्टात तीन, अशी वाटणी. मी अध्ययन निष्पत्तीचं पान समोर ठेवतो. आता पुस्तकात सुरुवातीलेच ती यादी असते, २०१७ नंतर आली. तिच्यात धड्यांची नावं नसतात, पोराले काय करता आलं पाहिजे ते असते. यादीतली एक ओळ घ्यायची अन् कोणत्या धड्यातून, कोणत्या कामातून ती होईल ते तिच्यासमोर लिहायचं. काही ओळींसमोर दोन-दोन धडे येतात. काही ओळींसमोर एकही येत नाही. जिथं एकही येत नाही तिथं आपली सोय आपण करा लागते. अनुक्रमणिकेवरून नियोजन केलं तर या रिकाम्या जागा दिसतच नाहीत.

सुनंदाताई_धरमपेठ

श्वेता, हे खाली रेघ ओढून ठेव. पाठ्यक्रम आणि पुस्तक यांतला फरक हातात धरता येतो तो असा: निष्पत्तीची यादी एकीकडे, धड्यांची यादी दुसरीकडे, आणि मध्ये रिकाम्या राहिलेल्या जागा. सराव पाठाच्या वेळी एका इयत्तेचं एक पुस्तक घेऊन करून बघ.

साहेबांच्या प्रश्नावर एक सांगायला हवं. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाची कर्तव्यं कलम २४ मध्ये आहेत. त्यात ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा, असं आहे. आपण ते 'पुस्तक संपवा' असं वाचतो. पण अभ्यासक्रम कसा असावा हे कलम २९ मध्ये दिलंय. तिथे संविधानातली मूल्यं आहेत, मुलाचा सर्वांगीण विकास आहे, कृतीतून आणि शोधातून शिकणं आहे, शक्य तिथे मातृभाषेचं माध्यम आहे, मुलाला भीती आणि ताणापासून मोकळं करणं आहे, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. धड्यांची संख्या त्यात कुठेच नाही. तेव्हा अभ्यासक्रम पूर्ण झाला का, हे तपासायचं तर वर्गात मूल घाबरून बसतं का, हेही बघावं लागेल. ते टाचणवहीत दिसत नाही. भिवापूरच्या सरांनी पुस्तक बंद ठेवून जे केलं ते कायद्याच्या या वाचनात चपखल बसतं, आणि शेवटी वाचून घेतलेला धडा ही साहेबांसाठी केलेली भर होती.

त्रिमूर्तीनगरच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पुस्तक बदलल्याने करिक्युलम बदलत नाही. कलम २९ प्रमाणे अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत शासनाने नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण ठरवतं. शाळा तो ठरवत नाही, दुकान तर नाहीच. शाळेने लावलेला संच ही पुस्तकांची निवड आहे. घरी एक करून बघा: एनसीईआरटीच्या तिसरीच्या अध्ययन निष्पत्ती काढा आणि त्या पुस्तकाशी ताडून बघा. जे जास्तीचं आहे ती प्रकाशकाची भर. चांगलीही असेल, पण तुमच्या मुलाला ती आलीच पाहिजे असं नाही.

आई_त्रिमूर्तीनगर

ताई, धन्यवाद. हे करून बघते. पण शाळा त्याच पुस्तकातून परीक्षा घेते. त्यातल्या जास्तीच्या गोष्टी नाही आल्या तर मार्क जातात. मग मुलासाठी तोच अभ्यासक्रम झाला ना?

सुनंदाताई_धरमपेठ

तुमचं म्हणणं खोटं नाही. कागदावरचा अभ्यासक्रम एक आणि मुलाच्या वाट्याला येणारा दुसरा, असं होतंच. परीक्षा ज्यावर होते तेच मूल खरं धरतं. शाळेशी बोलताना मात्र 'पुस्तक महाग आहे' एवढ्यावर थांबू नका, 'ही परीक्षा कोणत्या निष्पत्तीची?' असं विचारा. याला शाळेकडे उत्तर असलं पाहिजे.

प्रशांत_टीईटी

छेदणारं वर्तुळ पटलं. मी माझ्या आकृतीत दुरुस्ती करतो. पण २०१० वर माझी शंका आहे. मूल्यमापन अभ्यासक्रमातच जातं हे कशावरून? विद्यापीठाचा कोणत्याही पेपरचा सिलॅबस उघडा, खाली गुणविभागणी असते: अंतर्गत इतके, लेखी इतके. म्हणजे मूल्यमापन सिलॅबसमध्ये आलं. मग २०१० मध्ये सिलॅबस बदलला असं का म्हणू नये?

सुनंदाताई_धरमपेठ

चांगला प्रश्न आहे. मी असा फरक करते: कोणत्या घटकाला किती गुण, हे पाठ्यक्रमाचं काम. मुळात परीक्षा कशासाठी, नापास करायचं की नाही, मूल्यमापन शिकवता शिकवता करायचं की वर्षाअखेरीस, हे अभ्यासक्रमाचं. २०१० मध्ये दुसऱ्या प्रकारचा बदल झाला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत पुन्हा मुलाला मागे ठेवण्याची मुभा आली आणि २०२३-२४ पासून आपल्याकडे त्या इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू झाली, तोही याच प्रकारचा. दोन्ही वेळा एकाही धड्याला हात लागला नाही.

प्रशांत_टीईटी

पण ताई, मग आकारिकला किती आणि संकलितला किती भारांश, हे त्याच शासन निर्णयात इयत्तावार होतं. ते तर गुणच झाले. एकाच कागदात दोन्ही आलं.

सुनंदाताई_धरमपेठ

आलं, खरं आहे. कागद एक असला तरी निर्णय दोन आहेत, असं मी म्हणेन. पण सीमा इतकी स्वच्छ नाही, हे मान्य. मूल्यमापनाचा तपशील पाठ्यक्रमात धरणारेही अभ्यासक आहेत. श्वेता, परीक्षेत २०१० चं उदाहरण देणार असशील तर 'नापास न करण्याचा निर्णय' एवढाच भाग घे. भारांशात शिरू नकोस. तिथे तपासणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं.

भिवापूर_झेडपी

२०२० च्या उदाहरणालेही एक पुस्ती जोडतो. पाठ्यक्रम २५ टक्के कमी झाला, पण पुढच्या वर्षीच्या पुस्तकाले ते कुठं माहीत? पुढच्या इयत्तेचं पुस्तक, आधीचं सगळं झालं असं धरूनच चालते. गणितात तर मागचं सुटलं की पुढचं अडतेच. तेव्हा कोणतं वगळलं ते शोधून आधी ते घ्या लागलं, मंग नवीन. पाठ्यक्रमात क्रम कायले असते ते मले त्या वर्षी खरं उमगलं.

श्वेता_मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तराचा सांगाडा असा करते आहे, बघून सांगा:

सुरुवातीला संज्ञा कोणत्या अर्थाने वापरते ते एका ओळीत. मग तक्त्याऐवजी तीन परिच्छेद. पहिला पाठ्यक्रमावर: २०२० ची २५ टक्के कपात, पुस्तक तेच, आणि सरांनी सांगितलेला क्रमाचा मुद्दा. दुसरा पुस्तकावर: तिसरी परिसर अभ्यास, एक पाठ्यक्रम आणि जिल्ह्यागणिक पुस्तक, शिवाय २०२३ ची चार भागांतली पुस्तकं. तिसरा अभ्यासक्रमावर: कलम २९ मधल्या गोष्टी आणि नापास न करण्याचा निर्णय. शेवटी छेदणाऱ्या वर्तुळांची आकृती. भिवापूरच्या मिरचीचं उदाहरण दुसऱ्या परिच्छेदात घालू की तिसऱ्या? पुस्तक बाजूला ठेवलं म्हणून दुसऱ्यात, पण मुलं स्वतः विचारून शिकली म्हणून तिसऱ्यात, असं दोन्हीकडे जातंय.

सुनंदाताई_धरमपेठ

तिसऱ्यात घाल. पुस्तकाशिवाय पाठ्यक्रम पूर्ण होतो हे त्यातून दिसतंच, पण कलम २९ मधलं 'कृतीतून आणि शोधातून शिकणं' वर्गात कसं दिसतं, याला तुझ्याकडे दुसरं उदाहरण नाही. आणि क्रम बदल. अभ्यासक्रम आधी घे, पुस्तक शेवटी. निर्णय होतात त्या क्रमाने वाचणाऱ्यालाही नेलेलं बरं.

प्रशांत_टीईटी

मी अजूनही २०१० पाठ्यक्रमातच टाकेन. पुढच्या टीईटीला हा प्रश्न आला आणि पर्यायांत मूल्यमापन असलं, तर उत्तरसूची काय म्हणते ते इथे टाकतो.